चेहऱ्याच्या फोटोवर हलका हात: फुकट मोबाईल ॲप की कॉम्प्युटर?

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतची मंडळी घरगुती फोटोंबद्दल पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. लग्नाचे अल्बम किंवा जाहिरातीचं काम यात नाही. काकूंचा, आजोबांचा, लेकीचा फोटो जरा नीटस करायचा, पण ओळखीचं माणूस अनोळखी दिसायला नको, एवढाच विषय.

१. मी अगदीच नवखा आहे. घरच्यांचे फोटो थोडे सुधारायचे तर मोबाईलवरचं ॲप पुरेल की कॉम्प्युटरवर शिकायलाच हवं?

सुरुवात मोबाईलवरच करा. उजेड कमीजास्त करणं, रंग जागेवर आणणं, एखादी पुटकुळी काढणं, डोळ्यांखालची सावली थोडी उचलणं, ही सगळी कामं स्नॅपसीडसारख्या ॲपमध्ये होतात. ते गूगलचं आहे, फुकट आहे आणि फोटोवर स्वतःचा शिक्का मारत नाही.

कॉम्प्युटर लागतो तो वेगळ्या कारणासाठी. मोबाईलवर डाग काढला की तो पूर्ण जातो. तो अर्धाच जावा, आणि किती जावा हे उद्या पुन्हा ठरवता यावं, असं वाटू लागलं की लेअर, म्हणजे फोटोवर एकावर एक ठेवता येणारे वेगवेगळे थर, असलेलं सॉफ्टवेअर हवं. माझ्या मते दोन्हींतला खरा फरक एवढाच. बाकी ‘प्रोफेशनल’ वगैरे शब्दांकडे लक्ष देऊ नका. अर्धी दुरुस्ती कुठे लागते ते प्रश्न ६ मध्ये आहे.

२. ‘हलकं’ एडिटिंग म्हणजे नेमकं किती?

फोटो रिटच करणाऱ्यांचा एक जुना संकेत आहे. पंधरा दिवसांनी चेहऱ्यावर जे उरणार नाही ते काढायला हरकत नाही: डास चावल्याचा फोड, पुटकुळी, घामाची चमक, कपाळावर पसरलेलं कुंकू. जे कायमचं आहे, म्हणजे तीळ, देवीचे व्रण, सुरकुत्या, लहानपणी पडल्याची खूण, ते काढायचं नाही. फार तर त्याचा गडदपणा थोडा कमी करायचा, तोही त्या माणसाला विचारून. काही आज्यांना सुरकुत्या गेलेल्या आवडतात, हेही खरं. मग त्यांच्या मर्जीने चाला.

३. एडिटिंगच्या आधी कॅमेऱ्यात काही बदलायचं का?

हो, तीन गोष्टी.

कॅमेऱ्यातला ब्यूटी मोड शून्यावर आणा. तो फोटो काढतानाच त्वचा गुळगुळीत करून टाकतो आणि गेलेला पोत नंतर कोणत्याच सॉफ्टवेअरने परत येत नाही. ‘ॲपमध्ये काही न करताच चेहरा मेणाचा दिसतो’ अशा तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच निघतं.

लेन्स पुसा. किनाऱ्यावर तासभर फिरलात तरी खाऱ्या वाऱ्याचा पातळ थर काचेवर बसतो. फोटो धुरकट येतो, दिव्याभोवती वलय दिसतं, आणि माणूस ॲपमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवत बसतो. आधी किंचित ओलं मऊ फडकं आणि मग कोरडं. कोरड्याने एकदम घासलं तर मिठाचे कण काचेवर ओरखडे काढू शकतात.

आणि चेहऱ्याच्या फार जवळ जाऊ नका. मोबाईलच्या मुख्य लेन्सने हातभरावरून फोटो काढला तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. चार-पाच फूट मागे सरका आणि २x वापरा. नाक ‘बारीक’ करायचं टूल शोधण्यापेक्षा हे बरं.

४. फुकट ॲप खरंच फुकट आहे आणि फोटो कुठे पाठवत नाही, हे कसं ओळखायचं?

मोबाईल फ्लाइट मोडवर टाका, वाय-फायही बंद करा आणि मग एडिटिंग करून पाहा. सगळी टूल्स चालली तर काम तुमच्याच फोनवर होतंय. ‘इंटरनेट जोडा’ असं आलं तर फोटो किंवा त्याचा भाग बाहेरच्या सर्व्हरवर जात असण्याची शक्यता मोठी. घाटाखाली रेंजचा भरवसा नसतो, तेव्हा ही परीक्षा तशीही उपयोगी पडते. अर्थात, ऑनलाइन आल्यावर ॲप काय करेल याची हमी यातून मिळत नाही. ॲपने मागितलेल्या परवानग्याही पाहा. फोटो सुधारायला कॉन्टॅक्ट लिस्ट लागत नाही.

पैशांचं म्हणाल तर आधी एक फोटो शेवटपर्यंत करून सेव्ह करून पाहा. बऱ्याच ‘फुकट’ ॲप्समध्ये सगळं करू देतात आणि सेव्हच्या वेळी शिक्का, जाहिरात किंवा वर्गणी पुढे येते. लाइटरूमच्या मोबाईल ॲपचा साधा भाग फुकट आहे आणि उजेड-रंगासाठी तो फार चांगला आहे, पण चेहऱ्याचा ठरावीक भाग निवडून बदल करायचे झाले की वर्गणी आड येते.

५. झाडाखाली काढलेल्या फोटोत चेहरा हिरवट येतो आणि हनुवटीखाली लालसर. मोबाईलवर हे जाईल का?

जाईल. हा आपल्याकडचा ठरलेला त्रास आहे. आंब्याच्या, पोफळीच्या पानांतून झिरपलेला उजेड हिरवा असतो, आणि खळ्यातली लाल माती किंवा जांभ्याचा चिरा खालून लाल उजेड वर फेकतो. एकाच चेहऱ्यावर दोन रंग पडतात, म्हणून अख्ख्या फोटोचा रंग बदलून काम होत नाही. एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते.

एक उदाहरण पुरतं घेऊ. काकूंच्या साठीला फ्रेम करायचा फोटो: पडवीच्या कडेला उभ्या, डाव्या बाजूला आंबा, समोर लाल खळं, वेळ दुपारची. डावा गाल हिरवट, हनुवटीखाली लाली, गालावर डास चावल्याचा फोड, नाकावर घामाची चमक. स्नॅपसीडमध्ये हा क्रम ठेवा (नव्या-जुन्या आवृत्तीत बटणांच्या जागा थोड्या बदलतात, टूल्सची नावं बहुतेक तीच आहेत):

आधी `Tune Image` मध्ये `Highlights` साधारण −२० आणि `Shadows` +१५. `Ambiance` ला हात लावू नका, त्याने त्वचेचा पोत खरबरीत होतो.

मग `White Balance` मध्ये `Tint` हिरव्यापासून गुलाबी-जांभळ्या बाजूला सरकवा, गालाचा हिरवटपणा जाईपर्यंत. या वेळी बाकी फोटो गुलाबी झालेला दिसेल, घाबरू नका. बरोबरची खूण दाबून बाहेर या, `View edits` उघडा, त्यातल्या `White Balance` वर जाऊन ब्रशची खूण निवडा. आता हा बदल फक्त जिथे बोट फिरवाल तिथेच लागेल. डाव्या गालावर १०० ने, नाकाच्या जवळ ५० ने फिरवा, म्हणजे कड दिसणार नाही. पार फोटो झूम करून, बोटाच्या टोकाने.

हनुवटीखालच्या लालीसाठी `Brush` टूलमधलं `Saturation` −५ वर ठेवून एक-दोन हात पुरतात. −१० वर गेलात तर मान राखाडी होते.

फोडासाठी `Healing`. इथे ब्रशचा आकार बदलायचं बटण शोधू नका. फोटो जितका झूम कराल तितका ब्रश चेहऱ्याच्या मानाने लहान होतो. फोडापेक्षा जेमतेम मोठा ठेवा आणि एकदाच टेकवा.

आता फोन बाजूला ठेवा, चहा घ्या, आणि परत येऊन मूळ फोटो आणि नवा आलटूनपालटून पाहा. डोळा हिरव्याला इतका सरावतो की पहिल्या झटक्यात आपण गुलाबी जास्तच करून ठेवतो. नाकावरची चमक मात्र अजून तशीच आहे. ती पुढच्या प्रश्नात.

६. नाक-कपाळावरची घामाची चमक कमी केली की तिथे राखाडी डाग दिसतो. काय चुकतं?

तुमचं काही चुकत नाही. मोबाईलवर सहज न होणारं काम तुम्ही करू पाहताय.

चमक दोन प्रकारची. एकीत उजेड जास्त असतो, पण त्वचेचा रंग आत शिल्लक असतो. झूम केल्यावर तिथे अजून फिकट बदामी छटा आणि बारीक रंध्रं दिसतात. अशी चमक स्नॅपसीडच्या `Selective` ने जाते: चमकेवर एक बिंदू ठेवा, दोन बोटांनी त्याचं वर्तुळ लहान करा, `Brightness` −१५ च्या आसपास.

दुसरी चमक पांढरीफटक असते. तिथे कॅमेऱ्याने लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे २५५ ला, म्हणजे शेवटच्या टोकाला, नेऊन ठेवलेले असतात. रंगाची माहितीच उरलेली नसते. पांढऱ्याला काळोखं केलं की राखाडीच मिळणार, बदामी कुठून येणार? तिथे शेजारची त्वचा आणून बसवावी लागते. पण ती पूर्ण बसवली तर नाकाचा उंचवटाच जातो आणि चेहरा सपाट दिसतो. चमक अर्धी ठेवायची असते.

कॉम्प्युटरवर गिम्प या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हे असं होतं: फोटोवर एक नवा पारदर्शक लेअर घ्या. `Clone` टूल घ्या (कीबोर्डवर C) आणि त्याच्या पर्यायांत `Sample merged` वर टिक करा. `Ctrl` दाबून गालावरच्या बिनचमकेच्या त्वचेवर क्लिक करा आणि मग चमकेवर हलके हात मारा. आता नाक सपाट दिसेल. त्या लेअरची `Opacity`, म्हणजे तो किती ठळक दिसतो ते, १०० वरून ५० च्या आसपास आणा. चमक उरते, पण डोळ्यांत खुपत नाही. उद्या काकू म्हणाल्या ‘अजून थोडी कमी कर’, तर ६० करायचं, पुन्हा पहिल्यापासून नको.

तुमच्या फोटोंत पांढरीफटक चमक क्वचितच येत असेल तर गिम्पच्या वाटेला जाऊ नका. फोटो काढायच्या आधी रुमालाने नाक टिपणं सोपं. दर दुसऱ्या फोटोत येत असेल तर मात्र शिकून घ्या.

७. डोळ्यांखालची काळी वर्तुळं `Healing` ने काढावीत का?

नको. `Healing` तिथली सावली पूर्ण पुसतं आणि डोळा चेहऱ्यावर चिकटवल्यासारखा दिसतो. मोबाईलवर `Brush` मधलं `Dodge & Burn` +५ वर ठेवून फक्त गडद पट्ट्यावर एक-दोन हात द्या. वर्तुळं जांभळट असतील तर उजळूनही तो रंग राहतो. तेव्हा गिम्पमध्ये प्रश्न ६ चीच रीत वापरा, फक्त `Opacity` ४० च्या पुढे नेऊ नका.

८. स्नॅपसीडमध्ये `Portrait` टूल आहेच. एका झटक्यात होतं, मग एवढा खटाटोप कशाला?

वापरा, पण `Skin Smoothing` जपून. ते चेहऱ्याला चेहरा म्हणून ओळखतं, चेहऱ्यावरच्या वस्तूंना वेगळं ओळखत नाही. नथीचे बारीक मोती एकमेकांत मिसळतात, कपाळावर आलेले पांढरे केस पुसट होतात, पुरुषांची खुरटी दाढी मळल्यासारखी दिसते. वीसच्या पुढे गेलात तर झूम करून नथ, भुवया आणि केसांची कड आधी तपासा. बिघडलं असेल तर त्याऐवजी `Selective` चा बिंदू गालावर ठेवून `Structure` −१० करा. मऊपणा तिथेच राहतो, नथ वाचते.

९. कॉम्प्युटरवर जायचं ठरवलंय. फुकटातलं काय घ्यावं? लॅपटॉप जुना आहे, रॅम ४ जीबी.

पोर्ट्रेटच्या हलक्या कामासाठी गिम्प. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर फुकट मिळतं. बारा मेगापिक्सेलचा एक फोटो आणि दोन-तीन लेअर जुन्या लॅपटॉपवरही चालतात, फक्त ब्राउझर बंद ठेवा. फक्त अधिकृत साइटवरून, gimp.org वरून उतरवा. सेव्ह केलं की ते `.xcf` फाइल बनवतं, ज्यात लेअर शिल्लक राहतात. इतरांना पाठवायचा जेपीईजी वेगळा `Export As` ने काढावा लागतो. हे माहीत नसल्यामुळे ‘गिम्पने केलेला फोटो मोबाईलवर उघडत नाही’ असे निरोप येत राहतात.

काहीही न उतरवता लेअरची सवय करून घ्यायची असेल तर फोटोपी पाहा. photopea.com ब्राउझरमध्ये चालतं, जाहिराती दिसतात, पण फोटो तुमच्याच कॉम्प्युटरवर राहून त्यावर काम होतं. डार्कटेबल उत्तम आहे, पण ते मुख्यतः रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने जेपीईजी न करता कच्च्या ठेवलेल्या, फोटोंसाठी. त्याची मांडणी नवख्याला बुजवते आणि ४ जीबीवर ते रखडतं. त्याचा विचार प्रश्न १२ वाचल्यावर करा.

१०. लॅपटॉपवर केलेला फोटो मोबाईलवर शेंदरासारखा लाल दिसतो. खरा कोणता?

बहुतेक वेळा मोबाईलचा पडदा खऱ्याच्या जवळ असतो. ऐकायला उलटं वाटेल, पण स्वस्त लॅपटॉपचे पडदे लाल रंग फिका दाखवतात आणि पडदा जरा मागे कलला तरी त्वचेचा रंग बदलतो. आपण फिकं दिसतंय म्हणून रंग वाढवतो, आणि तो फोटो मोबाईलवर गेला की पेटतो. उलट मोबाईलचा ‘व्हिव्हिड’ मोड रंग भडक दाखवतो. तो ‘नॅचरल’ वर आणा आणि रात्री डोळ्यांसाठी लावलेला पिवळा फिल्टर एडिटिंग करताना बंद ठेवा.

डोळ्यावर विश्वास नसेल तर आकड्यांवर ठेवा. गिम्पमध्ये `Color Picker` ने (O) गालावर `Shift` दाबून क्लिक केलं की लाल, हिरवा, निळा यांचे आकडे दिसतात. साध्या उजेडातल्या माणसाच्या त्वचेत, गोरी असो वा सावळी, लाल सर्वांत जास्त, मग हिरवा, मग निळा. काकूंच्या फोटोसारख्या प्रकरणात हिरवटलेल्या गालावर १७२, १५८, ११८ असं काही दिसेल आणि स्वच्छ कपाळावर १७८, १४२, ११२. हिरवा लालाच्या किती जवळ सरकलाय ते पाहा: कपाळावर अंतर ३६, गालावर १४. गालाचं अंतर कपाळाच्या जवळ आणायचं, की झालं. स्नॅपसीडमध्ये असे आकडे दिसत नाहीत, त्यामुळे तिथे डोळ्यावरच भागवावं लागतं.

११. मोबाईलवर अर्धं काम करून बाकी कॉम्प्युटरवर केलं तर चालेल?

चालेल, पण क्रम उलटा ठेवा. `Clone` चं काम आधी कॉम्प्युटरवर मूळ फोटोवर, आणि उजेड-रंगाचा शेवटचा हात मोबाईलवर. मोबाईलवर आधी कॉन्ट्रास्ट वाढवलात तर चमक आणखी पांढरी होते आणि प्रश्न ६ मधला त्रास वाढतो.

फोटो केबलने न्या. व्हॉट्सॲपने पाठवलाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला तर तो लहान आणि दाबलेला पोचतो आणि गालावर चौकोनी ठोकळे दिसू लागतात. जेपीईजी पुन्हा पुन्हा सेव्ह करण्यानेही प्रत उतरते, म्हणून मूळ फोटो कधीच पुसू नका.

१२. रॉ फोटो घ्यावेत का?

घरगुती कामाला सहसा नकोत. रॉमध्ये उजळ भागातली माहिती जास्त उरते, त्यामुळे भर उन्हातल्या समुद्रकिनाऱ्यावरच्या चेहऱ्यांना फायदा होतो. पण फाइल कितीतरी पटींनी मोठी होते, आणि मोबाईलच्या पोर्ट्रेट मोडची मागची धूसरता त्यात नसते. स्नॅपसीड डीएनजी प्रकारची रॉ फाइल उघडतं. आधी तिथे एक-दोन करून पाहा.

१३. फ्रेमसाठी मोठी प्रिंट काढायची आहे. मोबाईलवर केलेला फोटो फाटेल का?

बारा मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेल असतो. ८ बाय १० इंचाला तो ३०० पिक्सेल प्रति इंचाहूनही जास्त देतो. १२ बाय १८ ला २२० च्या आसपास पडतो, आणि भिंतीवरच्या फ्रेमला तेवढं पुरतं. ॲपच्या सेटिंगमध्ये आकार कमी न करण्याचा पर्याय आणि जेपीईजीची सर्वांत वरची प्रत निवडा. मोठ्या प्रिंटमध्ये उघडे पडतात ते `Healing` चे ठसे: तीच रंध्रं दोनदा उमटलेली, ब्रशची कड. आधी ४ बाय ६ ची एक प्रिंट काढून उजेडात पाहा.

१४. आजोबांच्या जुन्या प्रिंटवर पावसाळ्यातल्या दमटपणाने बुरशीचे ठिपके आलेत. हे मोबाईलवर होईल?

चार ठिपके असतील तर होईल. चेहराभर असतील तर प्रत्येक टेकवण्यात `Healing` थोडा थोडा चेहरा बदलत जातं, आणि शेवटी कुणी वेगळेच आजोबा तयार होतात. इथे गिम्प: ठिपके एका लेअरवर, चेहऱ्यावरच्या रेषांच्या आसपासचे दुसऱ्या लेअरवर, आणि दुसऱ्याची `Opacity` कमी. फोटो घेताना प्रिंट काचेतून बाहेर काढा, खिडकीच्या आडव्या उजेडात नको, मळभाच्या दिवशी पडवीत सपाट ठेवून घ्या. प्रिंट काचेला चिकटली असेल तर ओढू नका, काचेसकट घ्या.

१५. पासपोर्टच्या फोटोवर एवढं हलकं एडिटिंग चालतं ना?

नाही. सॉफ्टवेअरने बदललेला चेहरा तिथे चालत नाही, फोड काढलेलाही नाही. मागे पांढरी भिंत, चेहऱ्यावर समान उजेड, नाक टिपलेलं, आणि ब्यूटी मोड बंद (प्रश्न ३).